पार्लरची ओळख, साडेसातशे अक्षरांत

‘बेस्ट ब्युटी पार्लर कोथरूड, लेडीज पार्लर कोथरूड पुणे, स्वस्त पार्लर कोथरूड, पार्लर निअर मी.’ गूगल मॅप्सवर एखाद्या पार्लरची अशी ओळख वाचून बाईला काय कळतं? पार्लर कोथरूडला आहे, एवढंच. ते तर नकाशावर दिसतंच आहे.

गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये अशा वर्णनाला जास्तीत जास्त ७५० अक्षरं मिळतात. त्यात वेबसाइटची लिंक चालत नाही, दर आणि सवलतींची जाहिरातही गूगलला नको असते. मग लिहायचं काय? गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं, त्याचं उत्तर. ‘कर्वे पुतळ्याजवळच ना?’, ‘नवरीच्या मेकअपला घरी येता का?’, ‘ऑफिस सुटल्यावर आलं तर चालेल?’ लोक शोधतातही बहुधा याच शब्दांत. प्रोफाइल कोणते शब्द शोधताना दिसलं, याची यादी मालकिणीला त्याच प्रोफाइलच्या ‘Performance’ या भागात मिळते.

समजा, पार्लर डहाणूकर कॉलनीत आहे. तर वर्णन असं होईल: ‘कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत, कर्वे पुतळ्याजवळ, फक्त महिलांसाठी ब्युटी पार्लर. थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल, हेअरकट आणि हेअर स्पा. नोकरदार महिलांसाठी संध्याकाळी उशिराच्या वेळा. लग्नसराईत ब्रायडल मेकअप आणि नऊवारी नेसवण्यासाठी कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागात घरी किंवा कार्यालयावर येतो.’

यात ‘कोथरूड’ दोनदाच आलं आणि दोन्ही वेळा कामाचं आलं: एकदा पत्ता म्हणून, एकदा घरी येण्याची हद्द म्हणून. पुतळ्याची खूण पहिल्याच वाक्यात आहे, कारण मोबाइलवर सुरुवातीच्या ओळीच आधी दिसतात. पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. ‘निअर मी’ लिहिण्यात काहीच हशील नाही. शोधणारी कुठे उभी आहे ते फोनच्या लोकेशनवरून कळतं.

मात्र एवढ्यावर पार्लर यादीत वर चढेल, असं कुणी एजंट सांगत असेल तर पैसे देण्याआधी थांबावं. शोधाशी मेळ, अंतर आणि नावलौकिक या तीन गोष्टी गूगल स्वतः सांगतं. हडपसरला बसून पार्लर शोधणारीला कोथरूडचं पार्लर सहसा दिसणार नाही, वर्णन कितीही नेटकं असो. मेळ ठरवण्यात निवडलेला व्यवसायाचा प्रकार फार मोलाचा. वर्णनाचं खरं काम सापडलेल्या बाईला फोन करायला लावण्याचं. काही जण तर पाटीवर नसलेले शब्द थेट नावातच घुसडतात, ‘अमुक पार्लर बेस्ट ब्रायडल मेकअप कोथरूड’ असे. हे नियमात बसत नाही आणि प्रोफाइल बंदही पडू शकतं.

शोधांच्या यादीत ‘जेन्ट्स हेअरकट’ वारंवार दिसू लागलं, तर आधी तो प्रकार तपासावा. महिलांच्या पार्लरला तिथे ‘Barber shop’ लागलेलं असेल, तर वर्णनात ‘फक्त महिलांसाठी’ लिहूनही दाढीची चौकशी करणारे फोन थांबायचे नाहीत.