पोलिसांनी सोडलं, कंपनीने नाही

फेब्रुवारी 2021. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका बापाच्या लक्षात आलं की आपल्या लहान मुलाच्या जांघेत सूज आली आहे. कोरोनाचा काळ, त्यात शुक्रवारची रात्र. दवाखान्यात फोन केला तर नर्स म्हणाली, डॉक्टर व्हिडिओवरून तपासतील, आधी सुजेचे फोटो पाठवून ठेवा. बापाने आपल्या अँड्रॉइड फोनवर फोटो काढले. डॉक्टरांनी ते पाहून अँटिबायोटिक दिलं आणि मूल बरं झालं. पण फोन ते फोटो परस्पर गूगलच्या क्लाउडवर चढवून मोकळा झाला होता. दोन दिवसांत खातं बंद झाल्याची सूचना आली. कारण काय, तर ‘हानिकारक मजकूर’, नियमांचा गंभीर भंग आणि कदाचित बेकायदाही.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ऑगस्ट 2022 मध्ये ही हकिगत छापली. ईमेल गेला, पत्ते-नंबर गेले, मुलाच्या जन्मापासूनचे फोटो गेले. फोनची सेवाही गूगलचीच होती, म्हणून नंबरही गेला. नंबर नाही म्हणजे ओटीपी नाही आणि ओटीपी नाही म्हणजे बाकीची खातीही उघडेनात. त्याने अपिलाचा फॉर्म भरून डॉक्टरांची सगळी हकिगत लिहिली. काही दिवसांनी उत्तर आलं: खातं परत मिळणार नाही.

मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं शोधायला कंपन्या मुख्यतः दोन तऱ्हा वापरतात, आणि त्यांची चुकण्याची रीत वेगवेगळी आहे. पहिली जुनी. मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथचे प्राध्यापक हनी फरीद यांनी 2009 मध्ये ‘फोटोडीएनए’ तयार केलं. त्यात चित्र लहान आणि काळं-पांढरं केलं जातं, त्याचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातल्या उजेड-अंधाराच्या चढउतारावरून आकड्यांची एक मालिका बनते. चित्राचा आकार बदलला तरी ही मालिका फारशी हलत नाही. पोलिसांना आधीच सापडलेल्या चित्रांच्या मालिकांची यादी तयार असते, तिच्याशी ती ताडून पाहायची. ही पद्धत सहसा चुकत नाही, पण यादीत नसलेलं चित्र तिला ओळखताच येत नाही.

ती उणीव भरून काढायला दुसरी तऱ्हा आली. गूगलने 2018 मध्ये असं साधन आणलं, जे कधीच न पाहिलेल्या चित्राबद्दलही अंदाज करतं: यात लहान मूल आहे का, ते उघडं आहे का, चित्र संशयास्पद वाटतं का. नव्याने शोषण होत असलेली मुलं यामुळेच सापडू शकतात, म्हणून हे साधन नकोच असं म्हणता येत नाही. अडचण वेगळी आहे. डॉक्टरांसाठी काढलेला फोटो आणि गुन्ह्याचा फोटो यांतला फरक चित्रात नसतो, तो चित्राबाहेरच्या हकिगतीत असतो, आणि ती यंत्राकडे पोहोचतच नाही. यंत्रानंतर माणूस बघतो हे खरं, पण त्याच्याही समोर फक्त चित्रच असतं.

चित्र संशयास्पद ठरलं की अमेरिकी कायद्याप्रमाणे कंपनीला ‘एनसीएमईसी’ या तिथल्या बालसंरक्षण संस्थेला कळवावंच लागतं. (शोधत बसण्याची सक्ती कायदा करत नाही, सापडल्यावर कळवण्याची मात्र करतो.) भारताशी संबंधित अहवाल 2019 च्या करारानुसार आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येतात आणि तिथून राज्यांच्या पोलिसांकडे जातात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी वॉरंट काढून त्या बापाचं अख्खं खातं तपासलं. तपास अधिकाऱ्याला त्याच्याशी बोलायचं होतं, पण त्याचा फोन आणि ईमेल दोन्ही बंद! शेवटी डिसेंबर 2021 मध्ये टपालाने पाकीट आलं: कोणताही गुन्हा घडलेला नाही. हा अहवाल दाखवूनही गूगल बधलं नाही. त्याच्या डेटाची एक प्रत एवढी उरली होती, पोलिसांच्या ताब्यातल्या पेनड्राइव्हवर. ती मिळवायला तो धडपडत होता.

गुन्हा झाला की नाही हे पोलीस ठरवतात. खातं ठेवायचं की नाही हे कंपनी स्वतःच्या अटींवर ठरवते, आणि एका निकालाने दुसरा बदलत नाही. गुजरातमधल्या एका अभियंत्याच्या बाबतीतही खात्याचा प्रश्न शेवटी हायकोर्टात गेला. दोन वर्षांचा असताना आजी आंघोळ घालतानाचा स्वतःचाच फोटो त्याने ड्राइव्हवर चढवला होता, आणि खातं बंद झालं. मार्च 2024 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने गूगलला नोटीस काढली.

असं झालंच, तर अपील लिहिण्याआधी एक काम उरकायचं. फोन रीसेट करायचा नाही, बंद पडलेलं खातं फोनमधून काढायचं नाही, साइन आउटही करायचं नाही. खातं काढलं की फोनमध्ये साठलेले मेल आणि पत्ते त्याच्याबरोबर पुसले जातात. फोन विमान मोडवर टाकून केबलने लॅपटॉपला जोडा आणि `DCIM` फोल्डर उतरवून घ्या. ज्या फोटोवरून वाद आहे तो मात्र कोणालाही पुढे पाठवायचा नाही, अपिलालाही जोडायचा नाही. त्याऐवजी फोटो कधी, कोणाच्या सांगण्यावरून, कशासाठी काढला ते चार ओळींत तारखेसह लिहा आणि डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी ठेवा. राग आणि कायद्याच्या धमक्या पहिल्या अपिलात नकोत. अपिलाच्या संधी मोजक्याच असतात, आणि वाचणाऱ्याला हवी असते ती नेमकी चित्राबाहेरची हकिगत.

नकार आला तर भारतात आणखी एक पायरी आहे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. 2021 च्या नियमांनुसार त्याने 24 तासांत पोच आणि सहसा 7 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही, तर 30 दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे `gac.gov.in` वर ऑनलाइन दाद मागता येते. पण तिथला खातं बंद झाल्याचा रकाना भरायला मूळ तक्रार आणि कंपनीचं उत्तर लागतं. हे दोन्ही त्याच बंद मेलमध्ये असेल तर पंचाईत, म्हणून पत्रव्यवहार पहिल्या दिवसापासून दुसऱ्या कंपनीच्या ईमेलवरून करावा.

प्रतीबद्दल बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो. लॅपटॉपवर ड्राइव्हचं फोल्डर दिसतं म्हणजे फायली आपल्याकडे आहेत, असं नव्हे. ड्राइव्हच्या ‘स्ट्रीम’ पर्यायात तिथे बहुतेक नुसती नावंच असतात. फाइल क्लिक केल्यावर खाली येते. ‘मिरर’ पर्यायात ती खरोखर डिस्कवर असते. गूगल फोटोजमधलं ‘जागा मोकळी करा’ हे बटण तर क्लाउडवर गेलेले फोटो फोनमधून काढूनच टाकतं; त्यानंतर एकुलती एक प्रत कंपनीकडे.

खातं चालू आहे तोवर `takeout.google.com` वर जाऊन फोटो, मेल आणि ड्राइव्ह निवडा. दर दोन महिन्यांनी वर्षभर आपोआप प्रत काढण्याचा पर्यायही तिथे आहे. पण तयार झालेल्या प्रतीची लिंक थोडेच दिवस चालते आणि येते त्याच खात्याच्या मेलवर, त्यामुळे ती आली की लगेच बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची. मेल `.mbox` फाइलमध्ये मिळतो आणि थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये आणून वाचता येतो. झिप उघडून चार-दोन जुने फोटो आणि एखादा मेल खरंच दिसतो का, एवढं बघा आणि मगच डिस्क कपाटात ठेवा.