गाडीचे वय आणि गाडीचा धूर

दिल्लीची स्वस्त सेकंडहँड गाडी घ्यावी का, असे आमच्या वाचकांपैकी काही जण विचारतात. टूरवर चालवून घर भागवू, हा त्यांचा हिशेब असतो. ती गाडी स्वस्त का, हे आधी समजून घेऊ.

राष्ट्रीय हरित लवादाने 2014 व 2015 साली दिल्ली परिसरात 15 वर्षांवरील पेट्रोल आणि 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली ती कायम केली. 1 जुलै 2025 पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही असे ठरले, पण लोक चिडले आणि काही दिवसांतच ते थांबवावे लागले.

आमच्या मते या बंदीत एक मूळचीच उणीव होती. धूर केवळ वयाने ठरत नाही, गाडी कोणत्या मानकाची बनली यानेही ठरतो. डिझेल कारला किलोमीटरमागे बारीक काजळीची मर्यादा बीएस-3 मध्ये 0.05 ग्रॅम होती. बीएस-4 मध्ये ती निम्मी झाली, आणि एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 मध्ये 0.0045 ग्रॅमवर आली. 17 डिसेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा धरला. वय उलटले एवढ्याच कारणावरून कारवाई नको, हे संरक्षण बीएस-4 व त्यापुढील गाड्यांनाच राहील, बीएस-3 व त्याआधीच्यांना नाही, असे त्याने सांगितले.

आता जून 2014 मध्ये दिल्लीत नोंदलेली डिझेल कार घ्या. तिची दहा वर्षे जून 2024 मध्ये संपली, म्हणून मालकाने ती मातीमोल भावात काढली. कायद्याने खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, म्हणजे इतरत्र ती जून 2029 पर्यंत चालेल. दिल्लीत बीएस-4 मानक 2010 सालीच आले, तसे ते मुंबई, पुणे, सोलापुरातही आले. उरलेल्या देशात ते एप्रिल 2017 मध्ये लागू झाले. त्यामुळे त्याच वर्षी आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यात विकलेली तीच गाडी बीएस-3 असण्याचा संभव मोठा!

पीयूसीच्या कागदावर विसंबू नये. डिझेल गाडीचा तिथे फक्त धुराचा काळपटपणा पाहतात. काजळीचे वजन कोणी मोजत नाही.

मानक आरसीवर छापलेले असते, तेच पाहावे. मूळ आरटीओची एनओसी हाती येईपर्यंत पैसे देऊ नयेत. तिच्याशिवाय इथे फेरनोंदणी होत नाही, आणि इथला कर वेगळा भरावा लागतो. शिवाय खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवता येत नाही. टूरसाठी परमिट लागते, म्हणजे घर भागवण्याचा हिशेब तिथूनच पुन्हा मांडावा लागेल.