दोरी वर पोचायच्या आधीच सैल का पडते?

आजच्या भागात एक दोरी, टोकाला चेंडू, आणि तो उभ्या वर्तुळात फिरवायचा. छताच्या पंख्यासारखा आडवा नाही, जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखा उभा. दोरी ८० सेंटीमीटरची धरू. हात जागचा हलत नाही आणि हवेचा विरोध नाही, असंही मानू.

चेंडूवर दोनच बलं आहेत. दोरीचा ताण सतत हाताकडे, म्हणजे केंद्राकडेच ओढतो, म्हणून त्याचा टॉर्क शून्य. स्पीड कमी-जास्त करायचं काम एकट्या गुरुत्वाकर्षणाचं. दोरी खालच्या उभ्या रेषेपासून θ कोनात असेल, तर त्याचा टॉर्क mgL sinθ. त्याला जडत्व आघूर्णाने, म्हणजे mL² ने भागा आणि L ने गुणा. मिळतं स्पर्शरेषेच्या दिशेचं त्वरण, g sinθ. वस्तुमान उडालं! म्हणजे टेनिसचा बॉल घ्या नाहीतर लेदरचा, उत्तर तेच.

दोरी आडवी असताना हा ब्रेक सगळ्यात जोरात लागतो, पूर्ण ९.८. अगदी खाली आणि अगदी वर मात्र शून्य.

मग वर गुरुत्वाकर्षण गप्प बसतं का? अजिबात नाही. तिथे ते सरळ केंद्राकडे ओढतं आणि चेंडूची वाट वळवतं. वळायला v²/L इतकं त्वरण लागतं. गुरुत्वाकर्षण g देतं, उरलेलं दोरी देते. पण स्पीड इतका कमी असेल की g सुद्धा जास्त होतंय, तर दोरीने बाहेर ढकलायला हवं, आणि दोरीला ढकलता येत नाही. म्हणून वर किमान स्पीड √(gL), आपल्या दोरीसाठी २.८ मीटर प्रति सेकंद. ऊर्जेचा हिशोब लावला, तर त्यासाठी खाली √(5gL), म्हणजे जवळपास ६.३ हवा.

आता समजा, खाली ६ चाच स्पीड दिला. ऊर्जा बघाल तर चेंडू वर पोचायला हवा, तिथे २.१५ चा स्पीडसुद्धा उरतो. परीक्षेत कित्येक जण इथेच ‘हो, पोचतो’ लिहून मोकळे होतात. दोरीऐवजी हलकी, ताठ काठी असती तर ते खरं ठरलं असतं, कारण काठी ढकलू शकते. दोरीचा ताण मात्र माथ्याच्या साधारण ३० अंश आधीच शून्य होतो. तेव्हा चेंडूचा स्पीड २.६ असतो, म्हणजे तो थांबलेला नसतो. तिथून तो वर्तुळ सोडून फेकलेल्या दगडासारखा जातो.

घरी बघायचं तर रबरी चेंडू मोज्यात घालून बांधा आणि मोबाईलवर स्लो मोशन लावा. माथ्याजवळ दोरीला बाक आला, की ताण संपला. फक्त खऱ्या हाताने फिरवताना मनगट नकळत झटका देतं आणि चेंडूला थोडी ऊर्जा मिळते, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत.