मादाम, आपण माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक व्हाल का?

फ्रान्समध्ये पीएचडीला प्रवेश घ्यायचा तर आधी मार्गदर्शक मिळवावा लागतो, आणि त्याची सुरुवात बहुधा एका ईमेलने होते. समजा, पुण्यात फ्रेंचमध्ये एम. ए. झालेली एक मुलगी पॅरिसमधल्या प्राध्यापिकेला लिहिते आहे. तिचा विषय आहे गी दल्यरी यांनी फ्रेंचमध्ये आणलेला तुकाराम. हा अनुवाद १९५६ साली प्रसिद्ध झाला.

पत्राला बसण्याआधीच एक गोष्ट तपासायला हवी. फ्रान्समध्ये शिकवणारा प्रत्येक जण पीएचडी करवून घेऊ शकत नाही. प्राध्यापकांना तो अधिकार असतो. त्यांच्या खालच्या पदावरच्या 'मेत्र द काँफेराँस'ला मात्र त्यासाठी सहसा 'आबिलितासियाँ', म्हणजे संशोधनाला मार्गदर्शन करण्याची वेगळी पात्रता, मिळवावी लागते. theses.fr वर नाव टाकलं की त्या व्यक्तीच्या हाताखाली कोणकोणते प्रबंध झाले आणि कोणते चालू आहेत, ते दिसतं.

दुसरी गफलत शब्दाची. 'तेझ' म्हणजे पीएचडीचा प्रबंध; एम. ए.च्या प्रबंधिकेला 'मेमवार' म्हणतात. इंग्रजीच्या सवयीने आपण दोन्हींना थीसिस म्हणतो, आणि 'मेमवार'साठी विचारायचं असताना 'तेझ' लिहून बसतो. वाचणाऱ्याला वाटतं, ही तीन वर्षं मागते आहे!

आता मायना. 'मादाम ला प्रोफेसर' एवढं पुरे. त्यापुढे आडनाव जोडणं औपचारिक पत्रात खटकतं, आणि अनोळखी व्यक्तीला 'शेर', म्हणजे 'प्रिय', ही सलगी होते. 'वू' तर हवंच, ते आपल्या 'आपण'सारखं. 'मला हवंय' या अर्थाचं 'ज व्हो' उद्धट वाटतं. त्याऐवजी 'ज सुएतरे', म्हणजे 'माझी इच्छा होती'. मराठीतही आपण 'जरा विचारायचं होतं' म्हणत भूतकाळाच्या आडूनच विनंती करतो की.

पत्राचा जीव मात्र विषयाच्या परिच्छेदात. मुलीच्या पहिल्या खर्ड्यात होतं, 'मला मराठी भक्तिसाहित्य आणि फ्रान्स यावर काम करायचं आहे.' यावर कोणी काय उत्तर देणार? दुसऱ्या खर्ड्यात तिने लिहिलं, 'दल्यरी हे जेझुइट पाद्री होते. तुकारामाचा विठ्ठल फ्रेंचमध्ये आणताना त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेची भाषा कुठे वापरली आणि कुठे टाळली, हे मूळ अभंगांशी ताडून पाहायचं आहे.' पुस्तकाच्या नावातच 'प्सोम', म्हणजे बायबलमधली स्तोत्रं, हा शब्द आहे, हेही तिने नमूद केलं. मग प्राध्यापिकेच्या कोणत्या लेखामुळे आपण त्यांच्याकडे वळलो, ते एका वाक्यात. सोबत सीव्ही आणि दोन-तीन पानांचा आराखडा.

शेवट लांबलचक असतो: 'माझा आदरपूर्वक नमस्कार स्वीकारावा, अशी विनंती.' त्यात मायन्यातलं संबोधन जसंच्या तसं पुन्हा येतं. नुसतं 'कोर्दियालमाँ' पहिल्या पत्राला जरा तोकडं पडतं, जरी तरुण प्राध्यापक आता त्याचं काही मनावर घेत नाहीत.

ऑगस्टमध्ये पाठवलं तर उत्तराची वाट पाहू नये. तेव्हा विद्यापीठं ओस पडलेली असतात. एरवी तीन आठवड्यांनी, त्याच मेलखाली, दोन ओळींची आठवण करून दिली तर कोणी रागावत नाही.