हेल्परचा राजीनामा स्वीकारताना

हेल्परचा राजीनामा स्वीकारल्याचे पत्र आधी नोकरी संपण्याची तारीख पक्की करते. छोट्या दुकानांत आणि वर्कशॉपांत राजीनामा बहुधा तोंडी असतो. ‘शेठ, पुढच्या महिन्यापासून येणार नाही,’ एवढे म्हटले की झाले. मालक मान डोलावतो आणि काम सुरू राहते. मग पगार कोणत्या दिवसापर्यंतचा, शिल्लक रजेचे काय, गोदामाची किल्ली कोणी कोणाला कधी दिली, असे प्रश्न दोन महिन्यांनी उभे राहतात आणि उत्तर द्यायला दोघांच्या आठवणीशिवाय काही नसते. एका पानाच्या पत्राने हे टळते.

समजा, सांगलीत चौदा माणसे कामाला असलेले हार्डवेअरचे दुकान आहे. तिथला गोदामाचा हेल्पर १ ऑक्टोबर २०१८ रोजी कामाला लागला. त्याचा पगार महिन्याला १५,६०० रुपये एकरकमी आहे, भत्ते वेगळे नाहीत. नियुक्तीपत्रात महिन्याची आगाऊ सूचना लिहिलेली आहे. १६ मे २०२६ रोजी त्याने लेखी राजीनामा दिला आणि १५ जून हा शेवटचा दिवस असेल असे कळवले.

पत्राची सुरुवात या दोन तारखांनीच व्हावी: ‘आपला १६ मे २०२६ चा राजीनामा मिळाला. तो स्वीकारत आहोत. १५ जून २०२६, सोमवार हा आपल्या कामाचा शेवटचा दिवस असेल.’ राजीनाम्याचे कारण इथे लिहू नये. ते मान्य आहे की नाही यावर मत तर मुळीच देऊ नये. मालकाला सूचनेचा काळ कमी करून हवा असेल तर हेल्परशी बोलून नवी तारीख ठरवावी, दोघांना ती मान्य असल्याचे लिहावे आणि मगच पत्र द्यावे. मालकाने परस्पर तारीख अलीकडे आणली, तर तो राजीनामा राहत नाही. मालकानेच कामावरून काढले असा त्याचा अर्थ लागू शकतो.

स्वीकृतीला उशीर करणेही चांगले नाही. पुढची तारीख घालून दिलेला राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली गोपालचंद्र मिश्रा यांच्या खटल्यात मांडले. तो राजीनामा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा होता, पण नोकरीच्या वादांतही या निकालाचा आधार घेतला जातो. त्यामुळे दोन-तीन दिवसांत पत्र हाती देणे आणि दुकानाच्या प्रतीवर हेल्परची तारखेसह सही घेणे इष्ट. हेल्पर ज्या भाषेत सहज वाचतो त्याच भाषेत पत्र असावे. मराठी वाचणाऱ्याला इंग्रजी नमुन्यावर सही करायला लावली, तर त्याला मजकूर समजला होता हे पुढे सिद्ध करणे अवघड जाते.

आभाराचा मजकूर दोन-तीन वाक्यांचा पुरे, पण तो त्याच माणसाचा असावा. ‘आपण दिलेल्या बहुमोल योगदानाबद्दल आभार’ हे वाक्य कोणालाही चालते, म्हणून ते कोणालाच लागत नाही. ‘गोदामातला माल मापाप्रमाणे लावण्याची पद्धत तुम्ही बसवली. आज नवा माणूसही नट-बोल्टची पेटी न विचारता काढू शकतो. याबद्दल मनापासून आभार,’ असे लिहिले तर ते त्या माणसाचे होते. शिवाय पुढच्या ठिकाणी दाखवता येईल अशी त्याच्या कामाची नोंदही होते. अनुभवाचा दाखला वेगळा द्यावाच. तो कोणत्या दिवशी मिळेल हे पत्रातच सांगावे.

यानंतर कामाचा ताबा. गोदामाचा हेल्पर माल उचलून ठेवतो एवढेच मालकाला दिसत असते, पण सात-आठ वर्षांत त्याच्याकडे कागदावर नसलेले बरेच साठलेले असते. कोणता कंत्राटदार चलनावर सही न करता माल नेतो आणि संध्याकाळी हिशेब देतो, ट्रान्सपोर्टच्या कोणत्या ड्रायव्हरला आदल्या रात्री फोन करावा लागतो, पावसाळ्यात गोदामाच्या कोणत्या कोपऱ्यात सिमेंट ठेवायचे नाही, हे सगळे त्यालाच माहीत असते. म्हणून ताब्याची यादी मालकाने एकट्याने बसून करू नये. हेल्परला शेजारी बसवून, त्याच्या दिवसाच्या क्रमाने ती लिहावी. शटर उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत तो काय काय करतो असे विचारत गेले की बहुतेक गोष्टी आपोआप येतात.

या उदाहरणात पत्रात चार टप्पे पुरतील. ३० मेपर्यंत तोंडी चालणाऱ्या गोष्टी वहीत उतरवायच्या: ट्रान्सपोर्टवाल्यांचे नंबर, सुटा माल ठेवण्याच्या जागा, चलन यायचे बाकी असलेला माल. १ ते १० जून या काळात नव्या माणसाने हेल्परबरोबर काम करायचे. पहिले काही दिवस नुसते पाहायचे, नंतर स्वतः करायचे आणि हेल्परने बाजूला उभे राहायचे. १२ जूनला गोदामातल्या मालाची मोजणी हेल्पर, नवा माणूस आणि मालकाचा प्रतिनिधी अशा तिघांनी मिळून करायची आणि मोजणीच्या कागदावर तिघांनी सह्या करायच्या. १५ जूनला किल्ल्या, हातगाडी, वजनकाटा आणि दुकानाचा मोबाईल परत घ्यायचा. प्रत्येक टप्प्यापुढे घेणाऱ्याचे नाव हवे. ‘संबंधितांकडे सुपूर्द करावे’ असे लिहिले की संबंधित कोणीच नसते.

मोबाईलचा मुद्दा हल्ली सर्वांत जास्त नडतो. अनेक दुकानांत गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी हेल्परच्या स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर येतात. तो नंबर त्याचा आहे, मालकाला तो मागता येत नाही. त्याऐवजी शेवटच्या दोन आठवड्यांत प्रत्येक ऑर्डरीला उत्तर देताना दुकानाचा नवा नंबर कळवावा, असे पत्रात सुचवावे. दुकानाच्या ग्रुपमधून तो कोणत्या दिवशी बाहेर पडेल हेही ठरवावे.

मोजणी शेवटच्या दिवशी न ठेवता तीन दिवस आधी ठेवण्यालाही कारण आहे. माल कमी भरला तर न निघालेले चलन, परत आलेला माल किंवा दुसऱ्या गोदामात गेलेली पेटी शोधायला वेळ मिळतो. शेवटच्या संध्याकाळी तूट दिसली की ती घाईने जाणाऱ्या माणसाच्या नावावर पडते. नुकसानीपोटी पगारातून कपात करण्याला कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. तो माल त्याच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला असावा लागतो, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीने झालेले असावे लागते आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडू द्यावे लागते. गोदामात दहा जणांची ये-जा असताना एकाच्या पगारातून तूट वसूल करणे या कसोटीला उतरत नाही.

आता पैसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा देणाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. ‘पुढच्या सात तारखेला सगळ्यांबरोबर घेऊन जा’ हे आता चालत नाही. या हेल्परच्या बाबतीत ती मुदत १७ जूनला संपते. ताबा पूर्ण झाला नाही म्हणून वेतन अडवून ठेवण्याची तरतूद संहितेत नाही, त्यामुळे पत्रात ताबा आणि पैसे यांना एकमेकांची अट घालू नये.

हिशेब आकड्यांत मांडावा. जूनचे पंधरा दिवस: १५,६०० भागिले ३०, गुणिले १५, म्हणजे ७,८०० रुपये. हजेरीपटाप्रमाणे शिल्लक रजा १४ दिवस. दुकानात रजेचा दर २६ दिवसांच्या महिन्याने धरण्याची पद्धत असेल तर दिवसाला ६०० रुपये, म्हणून ८,४०० रुपये. दिवाळीत घेतलेल्या उचलीपैकी ३,००० रुपये बाकी आहेत, ते वजा. उरले १३,२०० रुपये. व्यवसाय कर आणि ईएसआयची कपात नेहमीच्या नियमाने होईल, ती या आकड्यात धरलेली नाही.

सर्वांत जास्त भांडणे कशाने भागायचे यावरून होतात. एकाच कागदावर एका ठिकाणी ३० आणि दुसऱ्या ठिकाणी २६ दिसले की हेल्परला वाटते फसवणूक झाली. पगार कॅलेंडरच्या दिवसांनी काढला आहे, रजेचा दर दुकानाच्या चालू पद्धतीने आहे आणि ग्रॅच्युइटीचे २६ कायद्यातूनच आले आहेत, एवढे एका ओळीत लिहिले की शंका उरत नाही.

ग्रॅच्युइटी ही या हिशेबातली मोठी रक्कम, आणि छोट्या दुकानांत विसरली जाते तीही हीच. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानाला ती लागू होते. एकदा लागू झाली की पुढे माणसे कमी झाली तरी लागूच राहते. कायम कामगाराला त्यासाठी साधारणपणे सलग पाच वर्षांची नोकरी लागते आणि राजीनामा दिला म्हणून ती बुडत नाही. दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, महिना २६ दिवसांचा, आणि शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून मोठा असेल तर ते पूर्ण वर्ष. या हेल्परची नोकरी सात वर्षे साडेआठ महिने झाली, म्हणून आठ वर्षे धरायची. १५,६०० भागिले २६ म्हणजे ६००, गुणिले १५ म्हणजे ९,०००, गुणिले ८ म्हणजे ७२,००० रुपये. ही रक्कम तीस दिवसांत, म्हणजे १५ जुलैपर्यंत द्यायची. उशीर झाला तर व्याज लागते. उचलीची बाकी हिच्यातून कापू नये. कायद्याने ग्रॅच्युइटीला खास संरक्षण आहे, म्हणून उचल पगारातूनच वळती करावी, आणि पगारातल्या एकूण कपाती निम्म्याच्या वर जाऊ देऊ नयेत. इथे ७,८०० तून ३,००० कापले आहेत, म्हणजे ती मर्यादा पाळली जाते.

पत्राच्या शेवटी बहुतेक नमुन्यांत ‘यापुढे माझी कोणतीही मागणी राहिलेली नाही’ असे छापलेले असते आणि पैसे देण्याआधीच त्यावर सही घेतात. ही पद्धत सोडून द्यावी. कायद्याने देय असलेली रक्कम अशा सहीने माफ होत नाही, आणि सही करणाऱ्याच्या मनात मात्र कायमचा संशय राहतो. पैसे बँकेत जमा करावेत, त्यानंतर वेगळी पावती घ्यावी आणि तिच्यावर पगार, रजा, वळती केलेली उचल आणि ग्रॅच्युइटी हे आकडे स्वतंत्र ओळींत लिहावेत. पत्राखाली मालकाची सही, दुकानाचा शिक्का आणि हिशेबाबद्दल शंका विचारायची असल्यास फोन कोणाला करायचा ते नाव असावे.

घरकामाच्या मदतनीस बाईंना किंवा आजारी माणसाची काळजी घेणाऱ्याला हेच पत्र द्यायचे असेल, तर आराखडा तोच, पण पैशांची बाजू बदलते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे; तो नोंदणी आणि कल्याणकारी मदत यांबद्दलचा आहे, सोडून जाताना घराने किती द्यावे हे तो ठरवत नाही. तिथे बोलून ठरलेलेच लागू होते. म्हणून रजेचे पैसे, दिवाळीचा बोनस आणि वर्षांच्या कामाबद्दल स्वखुशीने द्यायची रक्कम यांतले काय आणि किती दिले, हे घरच्यांनी पत्रात निरनिराळ्या ओळींत लिहावे. ताब्यात घराची किल्ली, सोसायटीच्या फाटकावरचा पास आणि काळजीवाहू असल्यास औषधांच्या वेळांचा तक्ता येतो. तो तक्ता डॉक्टरांच्या चालू चिठ्ठीशी पडताळून मगच नव्या माणसाच्या हाती द्यावा.