सहाशे दहा रुपयांचा हिशेब

सोसायट्यांची बिलं काढण्याच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. कमिटीला तोंडी भांडणारा सभासद परवडतो, पत्र लिहिणारा नाही.

ठाण्यातल्या एका सोसायटीचं काम आधीच्या अकाउंटंटकडून माझ्याकडे आलं, त्याच महिन्यात असं एक पत्र आलं. लिहिणारे गृहस्थ बदलीमुळे पुण्यात राहायचे, इथला फ्लॅट दोन वर्षांपासून भाड्याने दिलेला. त्यांना संशय आला तो एका साध्या गोष्टीवरून. रंगकामासाठी सोसायटीने दुरुस्ती निधी दरमहा 700 वरून 1,200 केला आणि त्यांच्या बिलातलं नॉन-ऑक्युपन्सी आपोआप 560 वरून 610 झालं. दुरुस्ती निधी वाढला म्हणून हा आकार का वाढावा?

प्रश्न बिनतोड होता. महाराष्ट्र सरकारच्या 1 ऑगस्ट 2001च्या आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवा शुल्क म्हणजे अख्खं बिल नव्हे. आदर्श उपविधी 65मध्ये बिलाची सगळी शीर्षं आहेत, तर 66मध्ये त्यातल्या एकट्या सेवा शुल्काची फोड: वॉचमन आणि ऑफिस स्टाफचा पगार, ऑडिट फी, स्टेशनरी, सामायिक वीज वगैरे. मालमत्ता कर, पाणी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, लिफ्ट, पार्किंग ही शीर्षं वेगळी.

गृहस्थांनी आधी फोन केला होता. सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, सगळे भरतात." मग पत्र आलं. मागण्या तीनच: बिलाची शीर्षवार फोड द्या, 10 टक्के कशावर धरले ते लिहून द्या, आणि ज्या ठरावाने हे लावलं त्याची प्रत द्या. बाकीचं बिल त्यांनी पूर्ण भरलं आणि वादातली रक्कम हरकत नोंदवून भरली. ही हुशारी. पैसे अडवून धरले असते, तर त्यावर व्याज चढून तेच थकबाकीदार ठरले असते आणि मूळ प्रश्न बाजूला पडला असता.

मी सॉफ्टवेअर उघडलं. नॉन-ऑक्युपन्सीच्या शीर्षापुढे 10 टक्के बरोबर होते, पण ते 'एकूण बिल' या आकड्याला जोडलेले. फोड अशी निघाली: सेवा शुल्क 2,400, मालमत्ता कर 1,150, दुरुस्ती निधी 1,200, पाणी 450, सिंकिंग फंड 400, पार्किंग 300, लिफ्ट 200. बेरीज 6,100, म्हणून 610. यायला हवे होते 240.

कमिटीच्या बैठकीत मी कागद ठेवला. खजिनदार भडकले, "चाळीस हजार भाडं घेतो आणि सहाशेसाठी रडतो!" भाडं किती, याचा या शुल्काशी काही संबंध नाही, पण सोसायट्यांत राग नेहमी भाड्यावरच निघतो. चेअरमननी ठरावाची आठवण करून दिली, जनरल बॉडीने पास केलंय म्हणून. ठराव काढून वाचला तर त्यात 'नियमानुसार' एवढंच होतं. आणि समजा जास्त लिहिलं असतं, तरी सरकारी मर्यादेपुढे ते टिकलं नसतं. ही मर्यादा मुंबई उच्च न्यायालयाने 2007मध्ये मोंट ब्लाँक सोसायटीच्या प्रकरणात ग्राह्य धरली आहे.

खरी अडचण शेवटी सेक्रेटरींच्या तोंडून बाहेर आली. "याला लेखी फोड दिली, तर ती उद्या सगळ्या भाडेकरूवाल्यांच्या हातात असेल." बिल्डिंगमध्ये असे 14 फ्लॅट होते. तोंडी 'बघतो' म्हणत राहण्याचं कारण हेच होतं. एका माणसाचे पैसे परत करायला कुणाची ना नव्हती. पण सहीशिक्क्याचा एक कागद चौदा दावे उभे करणार होता.

मी एवढंच सुचवलं, की पुढचं पत्र उपनिबंधकांकडे गेलं तर तीच फोड तिथे द्यावी लागेल, शिवाय उशीर का केला तेही सांगावं लागेल. मग सही झाली.

हिशेब निघाला तो असा: पहिले 18 महिने 560 घेतले, म्हणजे दरमहा 320 जास्त. नंतरचे 6 महिने 610, म्हणजे 370 जास्त. एकूण 7,980 रुपये. ते पुढच्या बिलांत वळते करायचं ठरलं, आणि बाकी तेरा जणांच्या बिलांतही सेक्रेटरींनी न बोलता दुरुस्ती करायला सांगितली.

गृहस्थ मात्र 240वरही समाधानी नव्हते. त्यांच्या मते सामायिक विजेचे 550 रुपये सेवा शुल्कात धरायचे नाहीत, म्हणून आकडा 185. इथे ते चुकत होते. सामायिक वीज उपविधी 66मध्येच आहे. तसं उत्तर मी सेक्रेटरींच्या सहीने, फोडीसकट लेखीच पाठवलं. उरलेल्या पंचावन्न रुपयांसाठी त्यांचं पुढचं पत्र आलेलं आहे.