फरशीची कड काय सांगते?

सुट्टीत माझी भाची वाईला तिच्या आजीकडे गेली होती. एका दुपारी तिने मला तीन फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली, ‘मामा, ओळख! कुठल्या खोलीत कुठली फरशी?’

मी बांधकामावर देखरेख करतो. फरश्या रोज डोळ्यांसमोर असतात. त्यामुळे मामा चुटकीसरशी सांगेल, अशी तिची खात्री होती. पण फोटो तिने उभ्याउभ्या, वरून काढले होते. एकात करडा चौकोन, एकात ठिपक्याठिपक्यांचा चौकोन आणि एकात पांढरा चकचकीत चौकोन. त्यातही अर्ध्या जागेत खिडकीचा उजेड आणि बाईसाहेबांची सावली!

मी कळवलं, ‘असे नकोत. पोटावर झोप, अगदी जवळ जा आणि फरशीची कड काढून पाठव.’

‘कड कुठून आणू? सगळ्या एकमेकींना चिकटून बसल्यात.’

प्रश्न बरोबर होता. फरशी बसली की तिचं पोट आणि पाठ दोन्ही लपतात, वर दिसतो तो फक्त चेहरा. तरी घरात कडा दिसायच्या जागा असतात. एका खोलीची जमीन दुसरीपेक्षा जरा उंच असली, तर उंबऱ्यापाशी कड उघडी पडते. पायरीच्या पुढच्या बाजूला दिसते. बाथरूममधल्या पाणी जायच्या जाळीभोवती फरशी कापलेली असते, तिथेही दिसते (जाळी मात्र मोठ्यांनाच उचलू द्या). आणि सगळ्यांत उत्तम जागा म्हणजे माळा. फरश्या बसवून झाल्यावर उरलेल्या दोन-चार कुणी टाकून देत नाही. त्या माळ्यावर नाहीतर जिन्याखाली भिंतीला टेकून वर्षानुवर्षं उभ्या असतात.

फोटो कसा काढायचा, तेही तिला सांगितलं. आधी कड ओल्या फडक्याने पुसायची आणि वाळू द्यायची. फ्लॅश बंद ठेवायचा, कारण चकचकीत पृष्ठभागावर त्याचा पांढरा डाग पडतो आणि बाकी काहीच दिसत नाही. त्याऐवजी टॉर्च बाजूने, जमिनीलगत धरायचा, म्हणजे बारीकसा खड्डासुद्धा सावली पाडतो. आणि कडेला 10 रुपयांचं नाणं टेकवून ठेवायचं. ते 27 मिलिमीटर रुंद असतं, त्यामुळे फरशी किती जाड आहे ते फोटोवरून कळतं.

अर्ध्या तासाने नवे फोटो आले. आता खरी गंमत सुरू झाली.

पहिली स्वयंपाकघरातली करडी फरशी. बाजूच्या उजेडात तिचा चेहरा सपाट नव्हता. शांत तळ्यावर वारा आला की उठतात, तशा मंद लाटा होत्या त्यावर. कड खडबडीत, टाकीचे घाव स्पष्ट दिसणारी, आणि तिच्यात वहीच्या पानांसारख्या आडव्या रेघा. ही शहाबादी! कारखान्यात न बनलेली, जमिनीतून काढलेली. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी चुन्याचा बारीक चिखल थरावर थर साचत गेला, दाबला गेला आणि त्याचा चुनखडीचा दगड झाला. कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद आहे, त्या भागातल्या खाणींमधून ही फरशी येते. दगड थरांच्या मधूनच सुटतो, म्हणून त्याचे पातळ तुकडे काढता येतात. कडेतल्या त्या रेघा म्हणजे हेच थर. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण असा पानापानांनी सुटत नाही.

दुसरी फरशी माजघरातली, ठिपक्यांची. जवळून पाहिल्यावर ठिपके गेले आणि दगडाचे तुकडे दिसू लागले: पांढरे, पिवळसर, काही काळे, कोनाकोनांचे. त्यांच्यामधली जागा सिमेंटने भरलेली. कड तर पाहण्यासारखी होती! वरच्या थोड्याशा थरात हे तुकडे, बेसनाच्या वडीत बदामाचे काप रुतावेत तसे रुतलेले. त्याच्याखाली नुसता करडा, जाडाभरडा सिमेंटचा थर. जाडी नाण्याच्या रुंदीला जवळजवळ भिडलेली, म्हणजे दोन-अडीच सेंटीमीटर. हे मोझॅक.

मोझॅकची फरशी भट्टीत जात नाही. संगमरवराची चुरी आणि सिमेंट साच्यात घालतात, त्यावर साधं सिमेंट-कच मिश्रण पसरतात, यंत्राने दाबतात आणि मग सिमेंट घट्ट व्हावं म्हणून फरश्या पाण्यात ठेवतात. नवी फरशी दिसायला अगदी ओबडधोबड असते. ती घरात बसवली की पॉलिशवाला येतो. त्याच्या यंत्राखाली घासायचे दगड गरगर फिरतात, सगळीकडे पाणी आणि राखाडी गाळ होतो. घासता घासता प्रत्येक तुकड्याचं डोकं कापलं जातं आणि आतला रंग वर येतो. म्हणून मोझॅकमधला प्रत्येक तुकडा वरून सपाट असतो. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, पॉलिशच्या त्या दिवसांत घरात चालायची काय कसरत असते!

राहिली तिसरी, नव्या खोलीतली पांढरी. तिच्यावर करड्या शिरा होत्या. ‘हा संगमरवर आहे, आजोबा म्हणाले,’ असं भाचीने ठणकावून लिहिलं होतं.

मी म्हटलं, ‘फोटोतली एक शीर बोटांनी मोठी कर. काय दिसतं?’

‘ठिपके! बारीक, रंगीत ठिपके.’

दगडात असे ठिपके नसतात. कारखान्यात फरशीवर शाईचे सूक्ष्म थेंब उडवून चित्र छापतात, घरातला प्रिंटर कागदावर छापतो तसंच. मग मी तिला जुळ्या शोधायला लावल्या. छापायची चित्रं मोजकीच असतात, त्यामुळे मोठ्या खोलीत तीच शीर पुन्हा भेटतेच. पाच मिनिटांत उत्तर आलं, कपाटाजवळच्या आणि खिडकीखालच्या फरशीवर हुबेहूब तीच शीर आहे, फक्त उलटी फिरवलेली. संगमरवर बाद! खऱ्या दगडात दोन तुकडे असे सारखे निघत नाहीत. शिवाय त्यातली शीर वरून कडेवर उतरते आणि आत जात राहते. इथे ती काठाशीच संपली होती.

म्हणजे ही भट्टीत भाजलेली फरशी. पण सिरॅमिक की व्हिट्रिफाइड? उंबऱ्यापाशी काढलेल्या फोटोत कड पांढरी होती. मी लिहिलं, ‘बहुतेक व्हिट्रिफाइड.’ आणि लगेच शंका आली. तो पांढरा रंग सगळीकडे सारखा नव्हता. मध्येच जाड, मध्येच विरळ, पिठासारखा. फरश्यांच्या फटी व्हाइट सिमेंटने भरतात, ते कडेवर तर लागलं नसेल?

‘जुना टूथब्रश घे, पाणी घे, घासून बघ.’

पुढच्या फोटोत कड तांबूस निघाली, कुंडीसारखी! तिच्यावर कागदाएवढा पांढरा लेप आणि त्यावर काचेची चमकती रेघ. आता उत्तर पक्कं झालं: सिरॅमिक. मातीची फरशी भाजून तिच्यावर काचेचा पातळ थर चढवलेला असतो. चित्र या काचेच्या थरातच असतं. काचेखालच्या मातीच्या अंगाला कारखान्यात आणि दुकानात ‘बिस्किट’ म्हणतात. अगदी योग्य नाव आहे, कारण चहात बुडवलेलं बिस्किट करतं तेच हे करतं.

पटत नसेल तर माळ्यावरची फरशी उलटी करून पाठीवर पाण्याचा एक थेंब सोडा. लगेच एक फोटो काढा, पाच मिनिटांनी दुसरा. भाचीच्या दुसऱ्या फोटोत थेंब नव्हताच, फक्त ओलसर डाग होता. या बिस्किटात असंख्य बारीक छिद्रं असतात आणि पाणी त्यांत शिरतं.

वाईहून पुण्याला परतल्यावर तिने स्वतःच्या फ्लॅटमधली उरलेली फरशी शोधून तोच प्रयोग केला. थेंब पाच मिनिटांनीही तसाच, गोल, टुमटुमीत! ही व्हिट्रिफाइड. लॅटिन भाषेत ‘व्हिट्रम’ म्हणजे काच. हिच्या मिश्रणात मातीबरोबर फेल्डस्पार नावाचं खनिज भरपूर असतं. सुमारे 1200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ते वितळतं, कणाकणांमधल्या फटींत शिरतं आणि निवल्यावर तिथे काच होऊन बसतं. छिद्रंच बुजली, मग पाणी जाणार कुठे? हिशेब करून पाहा. 2 किलोची व्हिट्रिफाइड फरशी पोटभर पाणी प्यायली, तरी 10 ग्रॅमच्या वर, म्हणजे दोन चमच्यांपेक्षा जास्त, पिऊ शकत नाही. तेवढ्याच वजनाची जमिनीवरची सिरॅमिक फरशी 100 ग्रॅम, म्हणजे अर्धा कपभर, सहज पिते. गुजरातमधल्या मोरबीत अशा फरश्यांचे शेकडो कारखाने आहेत. तुमच्या घरातली फरशीही कदाचित तिथूनच आली असेल.

पुण्याच्या त्या फरशीची कडही बोलकी होती. वरचे तीन-चार मिलिमीटर ढगाळ नक्षीचे, खालचं सगळं साधं मळकट पांढरं. साच्यात आधी एक भुकटी, मग दुसऱ्या रंगाची, आणि दोन्ही एकत्र दाबून भाजलेल्या. दुकानात हिला ‘डबल चार्ज’ म्हणतात. हिच्यावर काचेचा वेगळा थर नसतो, रंग काही मिलिमीटर खोलवर असतो. म्हणून टेबल ओढून ओढून वरचा भाग थोडा झिजला, तरी नक्षी पुसली जात नाही. सिरॅमिकची काच निघाली की मात्र खालची तांबडी माती उघडी पडते.

एका बाबतीत फोटो हात टेकतो. काही सिरॅमिक फरश्यांचं बिस्किट पांढरं असतं आणि काही व्हिट्रिफाइड फरश्यांवरही चित्र छापून काचेचा थर चढवलेला असतो. दोघींच्या कडा फोटोत बहिणी-बहिणी वाटतात. तिथे मी फोटो पाहून उत्तर देत नाही, थेंबाचा दुसरा फोटो मागवतो. आणि तो थेंब पाठीवर किंवा कापलेल्या कडेवरच हवा. वरच्या काचेवर दोघींचाही थेंब तसाच टिकतो, त्यावरून काहीच कळत नाही.

तर आज माळ्यावर किंवा जिन्याखाली बघा. तिथे एखादी फरशी भिंतीला टेकून उभी असेल. ती जड असते आणि तिची तुटकी कड हात कापते, म्हणून मोठ्यांना खाली काढायला सांगा. मग टूथब्रशने कड घासा, शेजारी नाणं ठेवा आणि एक फोटो चेहऱ्याचा, एक कडेचा काढा.